गुडघ्याचं माप आधी, सीट नंतर

प्रश्न: माझी उंची सहा फूट दोन इंच आहे. बेळगावहून रात्रीच्या बसनं बेंगळुरू आणि तिथून दहा तासांचं फ्रँकफर्टचं विमान. कुठली सीट घेऊ आणि पाय कसे मोकळे करू?

माझीही उंची तेवढीच. मुलगी तिकडे असल्यामुळे खानापूरहून हा प्रवास मी तीन वेळा केलाय.

आधी घरीच भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर ताठ बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेपनं मोजा. माझं माप २६ इंच भरलं. इकॉनॉमीत ‘पिच’ साधारण ३० ते ३२ इंच असते, पण ते एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर, पायांची जागा नव्हे. त्यातून सीटच्या पाठीची जाडी वजा होते. ३१ इंचांत माझे गुडघे जेमतेम मावतात, तेही कंबर अगदी मागे टेकली तरच. पहिल्या खेपेला मी कमरेमागे जाड उशी घेतली, तिनं दोन इंच खाल्ले आणि रात्रभर गुडघे पुढच्या सीटला रुतत राहिले.

जास्त पैसे द्यायची तयारी असेल तर संकटकालीन दाराची रांग घ्या, मात्र खिडकीकडची नको. तिथं कधी कधी दाराचा फुगवटा पायांत येतो. पुढं भिंत असलेल्या रांगेत गुडघ्यांना जागा मिळते, पण पाय लांब करता येत नाहीत. नाहीतर साधी कडेची, वाटेलगतची सीट घ्या. उठायला कुणाला हलवावं लागत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काही सीटखाली टीव्हीच्या यंत्रणेची पेटी असते, ती सीट नकाशावर बघून टाळा. बॅग वर ठेवा, म्हणजे पाय पुढच्या सीटखाली सरकवता येतात.

आता पाय. पोटरी आवळली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. तासन्तास पाय दुमडून बसलं की ते साचतं, आणि फार उंच लोकांना गुठळीचा धोका जरा जास्त असतो. म्हणून जागे असाल तेव्हा दर अर्ध्या तासानं टाच टेकून चवडे वर, मग चवडे टेकून टाच वर, असं वीसेक वेळा करा. दीड-दोन तासांनी उठा, मागच्या मोकळ्या जागेत सीटची पाठ धरून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीवर दाबा आणि पोटरी ताणेपर्यंतच थांबा. झटके देऊ नका. पट्टा लावायचा दिवा पेटला असेल तर हे बसूनच करा. झोपेची गोळी नको, माणूस तासन्तास हलत नाही.

बसमधले नऊ-दहा तासही यात धरा. जमलं तर आदल्या दिवशी बेंगळुरूला पोचून पाय मोकळे करा.

पोचल्यावर, किंवा पुढच्या काही आठवड्यांतही, एकाच पोटरीला सूज, दुखणं किंवा गरमपणा आला तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा. पूर्वी गुठळी झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका.