'द पियानो', पण नुसतं 'टेनिस'

प्रश्न : "इंग्रजीत 'शी प्लेज द पियानो' बरोबर आणि 'शी प्लेज द टेनिस' चूक, असं का? दोन्हीकडे 'प्ले'च आहे. 'द बेस्ट', 'द फ्रेंच' यांना 'द' लागतो आणि 'ब्रेकफास्ट'ला लागत नाही. यामागे काही सूत्र आहे की नुसतं पाठ करायचं?"

पाठ करायचं फार थोडं आहे. 'द' म्हणताना बोलणारा समोरच्याला सुचवत असतो की मी कशाबद्दल बोलतोय ते तुला ओळखता येईल, त्या वर्णनात दुसरं काही बसत नाही. बाकीचं काम त्या नामाच्या स्वभावावर ठरतं. 'प्ले'कडे बघत बसलात तर कोडं सुटणार नाही. मराठीत आपण पियानो वाजवतो आणि टेनिस खेळतो, म्हणजे क्रियापदच बदलतं आणि फरक तिथेच संपतो. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद असल्यामुळे आपल्याला वाटतं की नियमही एकच असावा. पण फरक पियानो आणि टेनिस या दोन नामांमध्ये आहे.

पियानो ही वस्तू आहे. एक पियानो, दोन पियानो असं मोजता येतं. आणि मोजता येणारं नाम एकवचनात असेल तर इंग्रजी वाक्यात ते सहसा उघडं उभं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी लागतं. 'शी बॉट अ पियानो' म्हणजे तिने एक पियानो विकत घेतला, कुठला ते अजून सांगितलेलं नाही. पण 'तिला पियानो वाजवता येतो' असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कुठलाही एक पियानो नसतो. तिच्या घरचा असो, शाळेतला असो, तिला तो वाद्यप्रकार वाजवता येतो. अख्ख्या प्रकाराबद्दल एकवचनात बोलायचं तर इंग्रजी 'द' वापरते. 'बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी इन्व्हेंटेड द पियानो' या वाक्यातला 'द' हाच. इ.स. 1700च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने एखादंच वाद्य नव्हे, तर वाद्याची एक जात निर्माण केली. 'द व्हायोलिन हॅज फोर स्ट्रिंग्ज' मध्येही तेच. वाद्यांची जात ओळखता येते, म्हणून 'द'.

टेनिसचं तसं नाही. एक टेनिस, दोन टेनिस असं कुणी म्हणत नाही. टेनिस, क्रिकेट, चेस ही वस्तूंची नावं नसून कृतींची नावं आहेत, स्विमिंग किंवा डान्सिंगसारखी. मोजता न येणारं नाम सर्वसाधारण अर्थाने आलं की इंग्रजीत ते उपपदाशिवाय चालतं. म्हणून 'शी प्लेज टेनिस'. मोजायचं असेल तर दुसरं नाम आणावं लागतं : 'अ गेम ऑफ टेनिस', 'अ मॅच'. फुटबॉलच्या बाबतीत हा फरक उघड दिसतो. 'ही प्लेज फुटबॉल' मध्ये खेळ आहे. 'ही किक्ड द फुटबॉल' मध्ये चेंडू आहे, आणि चेंडू मोजता येतो.

हे कारण खरं आहे की मागाहून जुळवलेलं, हे तपासायला अपवाद बघावेत. जॅझ आणि रॉक संगीताच्या जगात 'शी प्लेज गिटार', 'ही प्लेज ड्रम्स' असं सर्रास म्हणतात, आणि अमेरिकी इंग्रजीत तर ते अगदी रुळलेलं आहे. रेकॉर्डवरच्या नामावलीतही 'ऑन पियानो', 'ऑन ट्रम्पेट' असंच असतं. इथे वाद्याचं नाव वस्तूचं राहिलेलं नाही. ते कलाकाराच्या कामाचं, बँडमधल्या भूमिकेचं नाव झालं आहे. 'शी स्टडीड पियानो' मध्ये ती एक विषय शिकली. नाम कृतीकडे झुकलं की 'द' गळतो. त्यामुळे 'शी प्लेज गिटार' लिहिणाऱ्याला थेट चूक देणं मला पटत नाही. परीक्षेत मात्र 'द गिटार' लिहावं, कारण ते सगळीकडे चालतं.

खेळांच्या बाजूनेही उलटी उदाहरणं मिळतात. 'शी वन द हाय जम्प', 'ही रॅन द हंड्रेड मीटर्स' यांत 'द' लागतो, कारण इथे नुसती कृती नाही. स्पर्धेच्या कार्यक्रमातला एक ठरलेला प्रकार आहे, ज्याला सुरुवात, शेवट आणि निकाल असतो. ब्रिटिश माणूस 'आय वॉज वॉचिंग द क्रिकेट' म्हणतो, तेव्हा त्याला त्या वेळी चाललेला सामना म्हणायचा असतो. ते बरोबरच आहे. 'आय प्ले द क्रिकेट' मात्र तोही म्हणणार नाही.

जेवणांची नावं वाद्ये आणि खेळ यांच्या मधली आहेत. ब्रेकफास्ट, लंच, डिनर हे शब्द बहुतेक वेळा दिवसातल्या एका ठरलेल्या गोष्टीचं नाव म्हणून येतात, ताटातल्या पदार्थांचं नाव म्हणून नव्हे. 'आफ्टर लंच', 'बिफोर डिनर', 'अॅट ब्रेकफास्ट' हे जवळजवळ वेळ सांगणारे शब्दप्रयोग आहेत. 'गो टू बेड' मध्ये हेच घडतं. तिथे पलंगापेक्षा झोपणं महत्त्वाचं. 'सिट ऑन द बेड' म्हटलं की पलंग परत आला आणि 'द'ही परत आला.

तसंच विशिष्ट जेवणाचं. 'द ब्रेकफास्ट वॉज कोल्ड' या वाक्यात त्या सकाळी पुढ्यात आलेला नाश्ता आहे, ऐकणाऱ्याला तो ठाऊक आहे. 'द डिनर दे गेव्ह अस' मध्ये 'त्यांनी दिलेलं' या शब्दांनी तो ओळखीचा झाला. विशेषण आलं की बहुधा 'अ' येतो : 'वी हॅड अ लाइट लंच'. कारण विशेषणाने अनेक प्रकारच्या जेवणांतलं एक निवडलं. एका शब्दाकडे मात्र लक्ष ठेवा. 'मील' हे कुठल्याही ठरलेल्या वेळेचं नाव नाही, ते साधं मोजता येणारं नाम आहे. म्हणून 'वी हॅड लंच', पण 'वी हॅड अ मील'. 'वी हॅड मील' ही चूक आपल्याकडून फार होते, आणि ती 'जेवणाला उपपद नाही' हा नियम शब्दशः पाठ केल्यामुळेच होते.

आता सुपरलेटिव्ह. 'द टॉलेस्ट बॉय इन द क्लास' मध्ये 'द' का, हे सांगायला नको. सर्वांत उंच मुलगा एकच ठरतो, त्यामुळे तो ओळखता येतो. खरी गंमत 'द' नसलेल्या सुपरलेटिव्हमध्ये आहे. 'धिस लेक इज द डीपेस्ट इन द कंट्री' मध्ये हा तलाव देशातल्या इतर तलावांशी ताडून पाहिला आहे. 'धिस लेक इज डीपेस्ट हिअर' मध्ये दुसरा तलावच नाही. हाच तलाव स्वतःशी, म्हणजे त्याच्या इतर जागांशी ताडला आहे. तुलना दुसऱ्यांशी असेल तर 'द' येतो. तीच गोष्ट वेगवेगळ्या वेळी किंवा ठिकाणी कशी असते हे सांगायचं असेल तर येत नाही. याशिवाय 'माय बेस्ट फ्रेंड' मध्ये 'माय'ने ओळख पटवलेली असते, त्यामुळे 'द'ला जागा उरत नाही. आणि 'अ मोस्ट यूजफुल बुक' हा सुपरलेटिव्हच नव्हे. तिथे 'मोस्ट' म्हणजे 'फार'.

'द फ्रेंच'चं प्रकरण थोडं निराळं आहे. 'फ्रेंच' हे मुळात विशेषण. त्याला 'द' लावला की 'द रिच', 'द पुअर'सारखा त्याचा अर्थ 'ते सगळे लोक' असा होतो आणि क्रियापद अनेकवचनी लागतं : 'द फ्रेंच आर...' 'श', 'च', 'ईज' अशा ध्वनींनी संपणारी विशेषणं इथे येतात : इंग्लिश, आयरिश, स्पॅनिश, फ्रेंच, डच, चायनीज, जॅपनीज, शिवाय स्विस. यातला 'द' काढला तर बहुतेक वेळा लोक जाऊन भाषा उरते. 'फ्रेंच इज डिफिकल्ट' म्हणजे भाषा अवघड आहे. 'द फ्रेंच आर डिफिकल्ट' म्हणजे माणसं अवघड आहेत. एक माणूस सांगायला हा शब्द चालत नाही. 'अ फ्रेंच' नव्हे, 'अ फ्रेंचमन' किंवा 'अ फ्रेंच वुमन'.

'इंडियन', 'जर्मन', 'अमेरिकन' ही मोजता येणारी नामं आहेत, त्यांना अनेकवचनाचा 'स' लागतो आणि 'द' नसला तरी चालतं. 'अमेरिकन्स लाइक कॉफी' हे साधं विधान झालं. 'दि अमेरिकन्स लाइक कॉफी' म्हटलं की बोलणारा त्या गटाबाहेर उभा राहून बोलतोय असा सूर लागतो. सर्वसाधारण विधानात मी तिथे 'द' टाळतो.

आता हा सगळा विचार एका उताऱ्यावर चालवून बघू. शिकणाऱ्याने असं लिहिलं आहे असं धरा : 'माय सिस्टर इज बेस्ट प्लेयर इन हर टीम. शी प्लेज द बॅडमिंटन बिफोर द डिनर अँड व्हायोलिन आफ्टर इट. शी इज लर्निंग द फ्रेंच बिकॉज शी लाइक्स फ्रेंच. शी इज द हॅपिएस्ट व्हेन शी इज अलोन.'

'बेस्ट प्लेयर'च्या आधी 'द' हवा. नामाला लागून आलेला सुपरलेटिव्ह आहे आणि 'माय'सारखा शब्द नाही. बॅडमिंटनचा 'द' जाईल. डिनरचाही जाईल, कारण इथे रोजची वेळ आहे, एखादं खास जेवण नाही. व्हायोलिनला 'द' द्यावा. ते वाक्य संगीतकारांच्या बोलीतलं नाही. ती शिकतेय ती भाषा, म्हणून 'लर्निंग फ्रेंच'. दुसऱ्या 'फ्रेंच'पाशी मात्र लिहिणाऱ्यालाच विचारावं लागेल. भाषा आवडते असं म्हणायचं असेल तर आहे ते ठीक, लोक आवडतात असं म्हणायचं असेल तर 'द फ्रेंच'. शेवटच्या वाक्यातला 'द' काढायचा. बहीण कुणापेक्षा आनंदी आहे हा मुद्दाच नाही, ती एकटी असते तेव्हा इतर वेळेपेक्षा जास्त आनंदी असते : 'शी इज हॅपिएस्ट व्हेन शी इज अलोन.'