विम्याच्या दाव्याच्या मेलमध्ये नुकसान कसं लिहावं

‘पाण्यामुळे मालाचं मोठं नुकसान झालं’ एवढ्यावर भागत नाही. नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर सगळं पुन्हा विचारतो. असं लिहा: ‘मंगळवारी रात्री छतालगतचा पाइप फुटला, सकाळी आठला लक्षात आलं, खालच्या रॅकवरची ४० खोकी भिजली.’ पाइप फुटणं आणि पुराचं पाणी शिरणं यांना पॉलिसीत वेगळे नियम असू शकतात, म्हणून कारण नेमकं हवं. ते ठाऊक नसेल तर तर्क लढवू नका, दिसलं तेवढंच लिहा.

विषयाच्या ओळीत पॉलिसी क्रमांक आणि घटनेची तारीख टाका. साफसफाईआधीचे फोटो, त्याच ४० खोक्यांची खरेदीची बिलं आणि स्टॉक रजिस्टरचं पान जोडा. रकमेपुढे ‘प्राथमिक अंदाज’ लिहा. भिजलेला माल बाजूला काढा, पण पाहणी होईपर्यंत कृपया फेकू नका.