बाटलीचं कच्चं स्केच ते रेंडर: स्ट्रेंग्थ किती ठेवायची?

प्रश्न: पेन्सिलने काढलेल्या बाटलीच्या स्केचचा फोटो इमेज-टू-इमेजमध्ये देतोय. स्ट्रेंग्थ 0.4 ठेवली तर पेन्सिलच्या रेघा आणि कागदाचा पांढरेपणा तसाच राहतो. 0.8 केली तर काच छान येते, पण बाटली माझी राहत नाही. नेमका आकडा किती ठेवू?

उत्तर: नुसत्या रेघांच्या स्केचसाठी असा आकडा बहुधा सापडतच नाही. 0.5, 0.6, 0.7 असं चाचपडत बसण्यापेक्षा आधी स्केच बदला. त्याचं कारण स्ट्रेंग्थ काय करते त्यात आहे.

स्ट्रेंग्थ म्हणजे तुमच्या चित्रावर सुरुवातीला किती नॉइज टाकायचा याचं प्रमाण. मॉडेल तो नॉइज काढत काढत नवं चित्र बनवतं. नॉइज वाढवत नेला की आधी बारीक गोष्टी पुसल्या जातात: रेघा, कडा, पोत. मोठे रंगपट्टे आणि उजेड-अंधाराची मांडणी सगळ्यात शेवटी जाते. आता तुमचं स्केच बघा. बाटलीचा आकार सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे बारीक रेघ, आणि ती लवकर जाते. नको असलेली गोष्ट म्हणजे पांढरा कागद, आणि तो सगळ्यात चिवट. त्यामुळे कागद जाईपर्यंत स्ट्रेंग्थ वाढवली की आकार त्याच्या आधीच गेलेला असतो.

म्हणून आकार रेघेत न ठेवता रंगाच्या पट्ट्यात ठेवायचा. उदाहरण म्हणून तपकिरी काचेची तेलाची बाटली घेऊ: काळं फिरकीचं झाकण, कोरं पांढरं लेबल.

स्केचचा फोटो बरोबर वरून घ्या. मोबाइल तिरका झाला तर बाटली खाली निमुळती होते आणि मॉडेल ते इमानाने तसंच रंगवतं. फोटो क्रिटा किंवा गिंपमध्ये उघडा. हाताने काढलेल्या बाटलीच्या दोन बाजू सहसा सारख्या नसतात, तेव्हा चांगली आलेली अर्धी बाजू ठेवून तिचं उलटं प्रतिबिंब दुसरीकडे लावा. कॅनव्हास 832×1216 करा (एसडीएक्सएलला हे माप मानवतं). चित्र ताणून बसवू नका, रिकामी जागा भरून घ्या. चौकोनी मापात ताणलेली बाटली हमखास ढेरपोटी होते.

आता खालच्या लेयरवर रंग भरा. पार्श्वभूमी पांढरी नको, फिकी करडी ठेवा, आणि बाटली जिथे टेकते तो भाग थोडा गडद करा. बाटलीच्या अंगाला मध्यम तपकिरी, दोन्ही कडांना गडद तपकिरी पट्टा, आणि डाव्या बाजूला कडेला समांतर असा उभा, अरुंद, जवळजवळ पांढरा पट्टा. कडेचा गडदपणा आणि हा चकाकीचा पट्टा या दोनच गोष्टींवरून मॉडेलला कळतं की ही काच आहे आणि ती गोल आहे. ते नसतील तर प्रॉम्प्टमध्ये कितीही वेळा काच लिहा, रंगवलेलं प्लास्टिक मिळण्याचीच शक्यता जास्त. झाकण काळं न भरता गडद करडं भरा, म्हणजे त्यावर उजेड दाखवायला जागा राहते. पेन्सिलने केलेलं शेडिंग पूर्ण पुसा, नाहीतर त्या तिरक्या रेघांचे काचेवर ओरखडे किंवा खाचा होतात. बाह्यरेषेची अपारदर्शकता 30 टक्क्यांपर्यंत उतरवा आणि सगळ्या चित्राला हलका ब्लर द्या. गडद रेघ ठेवली तर ती रेंडरमध्ये कार्टूनसारखी बाटलीभोवती दिसत राहते.

प्रॉम्प्ट साधा ठेवा:

```
amber glass bottle, black ribbed screw cap, blank white label,
product photo, softbox from left, light grey background
```

निगेटिव्हमध्ये `sketch, pencil lines, outline, text`. पहिल्या फेरीला 30 स्टेप्स आणि सीड कायम. AUTOMATIC1111 वापरत असाल तर X/Y/Z plot मध्ये Denoising (म्हणजे स्ट्रेंग्थच) अक्षाला `0.35-0.75 [5]` द्या, पाच चित्रं शेजारी शेजारी मिळतील. अशा रंगवलेल्या स्केचला साधारण 0.55 ते 0.6 च्या आसपास काच खरी वाटू लागते आणि खांद्याचा उतारही टिकतो.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. निकाल मूळ स्केचवर 50 टक्के पारदर्शक ठेवून बघा. सरकतात त्या बहुतेक दोनच जागा: मानेची लांबी आणि खांद्याची वळणं. त्या सरकल्या असतील तर लगेच स्ट्रेंग्थ उतरवू नका, आधी प्रॉम्प्ट वाचा. `perfume` किंवा `wine` असा एक शब्द असला तरी मॉडेल आपल्या ओळखीच्या बाटलीकडे ओढून नेतं.

त्यातलं सगळ्यात चांगलं चित्र घ्या, वाकडी झालेली कड रंगाने सरळ करा आणि दुसरी फेरी 0.3 वर द्या. या वेळी सीड बदला. तोच सीड पुन्हा वापरला तर तोच नॉइज त्याच जागी बसतो आणि चित्र करपल्यासारखं, जास्त धारदार दिसू लागतं. झाकणावरच्या उभ्या रेघा अजून गिचमिड असतील तर तेवढाच भाग मास्क करून Only masked निवडा आणि 0.45 च्या आसपास इनपेंट करा. पूर्ण चित्राच्या फेऱ्या दोन-तीनच पुरे. दर फेरीत चित्र व्हीएईमधून जाऊन येतं आणि बारीक तपशील थोडा थोडा पुसट होतो.

आकार काटेकोर हवा असेल, म्हणजे साचा ठरलेलाच आहे, तर कंट्रोलनेटचं लाइनआर्ट जोडा. वेट 0.75, Ending Control Step 0.7 पासून सुरुवात करा. रेषा वेगळी धरून ठेवलेली असल्यामुळे मग स्ट्रेंग्थ 0.85 पर्यंत नेता येते. पांढऱ्यावर काळी रेघ देत असाल तर प्रीप्रोसेसर `invert` हवा, कारण मॉडेलला काळ्यावर पांढरी रेघ लागते. मात्र इथे हाताचा प्रत्येक थरकाप काचेत उतरतो, म्हणून रेघ आधी नीट गिरवून घ्या.

दुसऱ्याचे आकडे उचलताना एक पाहा. AUTOMATIC1111 मध्ये 30 स्टेप्स आणि 0.4 म्हणजे प्रत्यक्षात साधारण 12 स्टेप्स चालतात. ComfyUI च्या KSampler मध्ये `denoise` 0.4 ठेवला तरी 30 च्या 30 चालतात. चार स्टेप्सच्या वेगवान मॉडेलवर पहिल्या पद्धतीने 0.55 आणि 0.6 यांत काहीच फरक पडत नाही, दोन्हींत सारख्याच स्टेप्स होतात. काही वेबसाइटवर स्लायडर उलटाही असतो: आकडा मोठा तितकं मूळ चित्र जास्त टिकतं. एकदा 0.1 वर चालवून बघितलं की लगेच कळतं.

लेबलवरचा मजकूर मात्र इथे करू नका. देवनागरी तर हमखास मोडते. लेबल कोरं ठेवा, मजकूर इंकस्केपमध्ये तयार करून बाटलीच्या गोलाईप्रमाणे थोडा वाकवा, आणि चकाकीचा पट्टा त्याच्या वर वेगळ्या लेयरवर पुन्हा टाका.