दीडशे मुलांच्या हॉलमध्ये प्रश्नावर थांबताना

प्रश्न: एफवायबीएस्सीला १५० मुलांचा हॉल मिळालाय. लेक्चरमध्ये छोटे विराम घेऊन मुलांना विचार करायला लावायचंय. नियोजन कसं करू?

'काही शंका?' विचारून थांबलात तर कुणीही तोंड उघडणार नाही. नेमका प्रश्न हाताशी ठेवून थांबा आणि लेक्चरची तयारी करताना तो सगळ्यात आधी लिहा.

मी फिजिक्स शिकवते. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना शाळेपासून पाठ असतो, म्हणून त्याच लेक्चरचं सांगते. दहा मिनिटं शिकवून झाल्यावर फळ्यावर लिहिलं: भरलेला ट्रक उभ्या स्कूटरला धडकला, जास्त बल कुणावर? स्कूटरवर असेल तर एक बोट, ट्रकवर तर दोन, सारखंच असेल तर तीन. एक मिनिट कुणी बोलायचं नाही. मग मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरायची. हात वर करायला लावले की मागची मुलं पुढच्यांचं बघून उत्तर बदलतात.

हॉलभर एकच बोट. तीन बोटं जेमतेम एकतृतीयांश मुलांची. मी बरोबर उत्तर सांगितलं नाही. शेजारी किंवा मागच्या बाकावर वेगळं उत्तर दिलेलं कुणी शोधा आणि त्याला पटवा, एवढंच म्हटलं. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, बल सारखंच. पण ट्रक १०,००० किलोचा, स्कूटर २०० किलोची, म्हणून तिचं त्वरण ५० पट. आपल्याला तेच दिसतं." पुन्हा बोटं मागितली तेव्हा बहुतेकांची तीन.

त्याच वेळी आमचे तेव्हाचे विभागप्रमुख दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, असले खेळ शाळेत ठीक. पोर्शन कधी संपणार?" ते मला आजही लागतं. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१ पासून ही पद्धत रुजवली, ती काही बालवाडीत नाही. २०१४ साली विज्ञान-अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. पोर्शन फळ्यावर संपतो आणि मुलांच्या डोक्यात सुरूही होत नाही, हे पेपर तपासताना त्यांनाही दिसत असणारच. पुस्तकात छापलेली सरळ डेरिव्हेशन्स मी आदल्या दिवशी वाचायला देते, तिथे वेळ वाचतो.

हो, एका विरामाला सहा-सात मिनिटं जातात, त्यामुळे ४८ मिनिटांत दोनच घ्या. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांहून कमी मुलं बरोबर असतील तर चर्चा करू देऊ नका, चुकीचं उत्तरच पक्कं होतं, पुन्हा शिकवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. आणि चर्चा पूर्ण संपेपर्यंत थांबू नका. आवाज उतरायला लागला की लगेच टाळी वाजवा, कारण त्यानंतरची बडबड कँटीनची असते.