लीजची गाडी परत देताना: जादा किलोमीटर आणि झिजेचा हिशोब

तीन वर्षांच्या लीजवर गाडी घेतली आहे. वर्षाला 15,000 किलोमीटरची मर्यादा आहे, पण 20 महिन्यांतच 31,000 झाले. कंपनी म्हणते, हप्ता वाढवून मर्यादा वाढवून घ्या. घ्यावी का, की शेवटी एकदम काय ते भरावं?

आधी एक खुलासा. आपण एरवी ‘मायलेज’ म्हणतो ते इंधनाचं. लीजच्या करारात त्याच शब्दाचा अर्थ गाडीचं रनिंग, आणि बहुतेक करारांत ते वर्षाचं वर्षाला नव्हे, तर पूर्ण मुदतीचं मोजतात. म्हणजे तुमच्याकडे एकूण 45,000 किलोमीटर आहेत. 20 महिन्यांच्या वाट्याला त्यातले 25,000 येतात, तुम्ही 6,000 पुढे आहात. महिन्याला सरासरी 1,550 पडतात. असंच चाललं तर गाडी परत देताना 55,800 भरतील, म्हणजे 10,800 जादा.

आता पैसे. दर तुमच्या करारात बघा. मी समजण्यापुरते आकडे धरतो, चलन कुठलंही असो. जादा किलोमीटरला 8 धरले तर शेवटी 86,400 भरावे लागतील. दुसरीकडे, समजा कंपनी वर्षाला 18,000 ची मर्यादा देतेय आणि त्यासाठी उरलेले 16 हप्ते प्रत्येकी 3,000 ने वाढवतेय. ते झाले 48,000. मर्यादा 54,000 वर गेली, तरी 1,800 किलोमीटर जादा राहतातच, त्यांचे 14,400. एकूण 62,400. आत्ता बदल केलात तर 24,000 वाचतात.

पण हे गणित रनिंग असंच राहील या भरवशावर उभं आहे. वाढीव हप्त्यांचे 48,000 म्हणजे 6,000 जादा किलोमीटरचे पैसे. म्हणजे शेवटचं रीडिंग 51,000 च्या पुढे गेलं तरच बदल फायद्याचा. उरलेल्या 16 महिन्यांत त्यासाठी 20,000 किलोमीटर व्हायला हवेत, महिन्याला 1,250. तेव्हा मागची सरासरी बाजूला ठेवा आणि स्वतःला एवढंच विचारा: पुढे महिन्याला 1,250 च्या वर गाडी चालणार आहे का? नोकरीची जागा बदलणार असेल, घरून काम सुरू होणार असेल, तर सही करू नका. न वापरलेल्या किलोमीटरचे पैसे अनेक करारांत परत मिळत नाहीत, आणि जिथे मिळतात तिथे सहसा कमी दराने.

सहीआधी दोन गोष्टी लेखी विचारा. वाढीव हप्ता फक्त पुढच्या महिन्यांना लागणार, की मागच्या 20 महिन्यांचा फरकही एकदम मागणार? तसा फरक मागितला तर वरचं सगळं गणित उलटतं. आणि जादा किलोमीटरचा दर सरसकट एकच आहे, की ठरावीक टप्प्यानंतर वाढतो?

24 महिन्यांनी गाडी मुदतीआधीच परत करतोय. करारात तीन वर्षांचे मिळून 45,000 किलोमीटर आहेत, माझे 38,000 झाले. म्हणजे रनिंगचा प्रश्न नाही ना?

आहे. मुदतीआधी गाडी परत दिली की मर्यादाही बहुतेक करारांत त्याच प्रमाणात कापतात. 24 महिन्यांचे 30,000, म्हणून तुमचे 8,000 जादा धरले जातील, आणि मुदतीआधी सोडण्याचा आकार वेगळा. हीच गाडी तुम्ही स्वतः विकत घेणार असाल तर मात्र आधी विचारा: गाडी कंपनीकडे परत जात नसल्यामुळे जादा किलोमीटर आणि झीज दोन्हींचा आकार अनेक करारांत लागत नाही.

दोन महिन्यांनी गाडी परत द्यायची आहे. मागच्या बंपरवर चरा आहे, दाराला छोटा पोचा आहे, एक अलॉय कडेला घासलंय. आधीच गॅरेजमधून सगळं नीट करून घेऊ का?

सगळं नको. आधी कंपनीकडून झिजेची नियमावली मागवा. नैसर्गिक झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं, याच्या मापांसह व्याख्या त्यात असतात: चरा किती लांबीपर्यंत चालतो, एका पत्र्यावर किती पोचे चालतात. दोन महिने हातात आहेत, तर आगाऊ तपासणीही मागा. बऱ्याच कंपन्या ती करून देतात आणि दुरुस्तीचा दरही सांगतात. तो दर हातात आला की गॅरेजच्या दराशी ताडून बघता येतं.

बंपरच्या चऱ्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशने बहुधा जाईल. अडकलं तर रंगापर्यंत गेलाय. दाराच्या पोच्यावर रंग उडाला नसेल तर रंग न लावता मागून पत्रा दाबून तो काढणारे कारागीर असतात, ते काम जरूर करून घ्या. अलॉय घासलंय ते नियमावलीच्या मापात बसतं का बघा. नसेल तरच दोन्ही दर ताडून ठरवा.

स्वस्तातलं डेंटिंग-पेंटिंग मात्र टाळा. कित्येक तपासणीसांच्या हातात रंगाची जाडी मोजणारं यंत्र असतं. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. खाली लांबी भरलेली असेल तर आकडा कित्येक पटींनी वर जातो. मी अशा एका तपासणीला उभा होतो. दाराचा पोचा मालकाने लांबी भरून रंगवून घेतला होता, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. यंत्र शेजारच्या दारावर 120 दाखवत होतं, या दारावर 700 च्या वर गेलं. पोचा तसाच ठेवला असता तर एका पोच्याचे पैसे लागले असते. आता निकृष्ट दुरुस्ती म्हणून अख्खं दार पुन्हा रंगवण्याचे लागले. गॅरेजचे गेले ते वेगळेच.

आणि टायर बघा, लोक नेमके तेच विसरतात. खाचांमध्ये आडवे उंचवटे दिसतात ते झिजेची खूण. टायर त्यांच्या पातळीला आला की खाच 1.6 मिलिमीटर उरलेली असते. पुष्कळ देशांत रस्त्यावर चालवायची ती किमान मर्यादा आहे. लीजचा करार मात्र जास्त मागू शकतो, कधी 3 मिलिमीटरपर्यंत. ज्याचं रनिंग जास्त त्याचे टायरही झिजलेले, म्हणून तिथे दोन्हीकडून भुर्दंड बसतो.

गाडी परत देऊन तीन आठवडे झाले, आता बिल आलं. त्यात उजव्या दारावरचा एक चरा दाखवलाय. तो माझ्याकडे असताना नव्हता. काय करू?

गाडी नेली तो दिवस आणि तपासणीचा दिवस, दोन्ही तारखा लेखी मागा. मध्ये गाडी यार्डात होती, कुणी चालवून नेली, ट्रकवर चढवली. गाडी ताब्यात देताना सही झालेल्या कागदावर तो चरा नसेल आणि तुमचे त्या दिवशीचे फोटो असतील, तर वादग्रस्त रकमेवर लेखी हरकत घ्या आणि तारीख असलेले त्यांचे फोटो मागा. चऱ्याच्या लांबीचं माप फोटोत दिसायला हवं. बाकीच्या बाबी कबूल असतील तर तेवढेच पैसे, तसं लिहून, भरा.

ज्यांची गाडी अजून जायची आहे त्यांच्यासाठी: आदल्या दिवशी गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा, कारण ओल्या पत्र्यावर चरे दिसत नाहीत आणि ‘ओली असल्याने तपासणी अपुरी’ असा शेरा पडला की नंतर काहीही निघू शकतं. दिवसाउजेडी चारही बाजू, चारही चाकं, काच, सीट आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढा. दुसरी चावी आणि सर्व्हिसच्या नोंदी त्याच फोटोंत येऊ द्या. त्या हरवल्या म्हणूनही बिल येतं.