डेल्टा सेफीच्या तुटक नोंदी आणि साइन-कोसाइनचा वक्र

प्रश्न: डेल्टा सेफी या रूपविकारी ताऱ्याच्या नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या २६ नोंदी आहेत, पण ढगांमुळे मधल्या रात्री सुटल्या. सरासरी वजा करून प्रत्येक साइन-कोसाइनशी गुणून बेरीज केली तर सहगुणक चुकीचे वाटतात. लीस्ट स्क्वेअर्सने ६ हार्मोनिक बसवले तर फेज ०.७० ते ०.९० मध्ये, जिथे नोंदच नाही, तिथे वक्र उसळी मारतो. कुठे चुकतंय?

उत्तर: गुणून बेरीज करायचं सूत्र समान अंतरावरच्या नोंदींसाठीच आहे. तिथे वेगवेगळे साइन आणि कोसाइन एकमेकांत मिसळत नाहीत. नोंदी विषम झाल्या की मिसळतात, आणि ते कागदावर करून बघता येतं. समजा खरा वक्र ४ + ०.३ cos आहे आणि नोंदी फेज ०, ०, ०.२५ आणि ०.५ वर आहेत, म्हणजे ४.३, ४.३, ४.० आणि ३.७. यांची सरासरी ४.०७५ येते, ४ नाही, कारण फेज ० ला दोन नोंदी आहेत. ती वजा करून तुमच्या सूत्राने कोसाइनचा सहगुणक काढला तर ०.४१२५ येतो. स्थिरांक आणि सहगुणक दोन्ही अज्ञात धरून एकत्र सोडवले तर बरोबर ४ आणि ०.३ मिळतात. म्हणून सरासरीसुद्धा आधी वजा करू नका, तिलाही एक स्तंभ द्या.

```python
ph = 2*np.pi*(t - t[0])/5.3663
cols = [np.ones_like(ph)]
for k in range(1, K+1):
    cols += [np.cos(k*ph), np.sin(k*ph)]
A = np.column_stack(cols)
c, _, rank, s = np.linalg.lstsq(A, m, rcond=None)
print(s[0]/s[-1])
```

इथे `t` दिवसांत आहे, दशांशासह. काही नोंदी भारतीय वेळेत आणि काही जागतिक वेळेत राहिल्या तर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे फेजमध्ये ०.०४ ची चूक शिरते. आधी तेवढं तपासून घ्या.

आता उसळीकडे येऊ. सहाव्या हार्मोनिकची एक लाट फेजमध्ये १/६, म्हणजे साधारण ०.१७ रुंद असते. तुमची रिकामी जागा ०.२० आहे. एक अख्खी लाट त्यात मावते आणि तिला अडवायला एकही नोंद नाही. बाकी हार्मोनिक मिळून बाहेरच्या नोंदींना फारसा धक्का न लावता तिथे मोठा फुगवटा उभा करू शकतात, आणि लीस्ट स्क्वेअर्समध्ये त्याचा जवळजवळ काहीच दंड बसत नाही. शेवटच्या ओळीतला आकडा हेच सांगतो. नोंदी नीट पसरलेल्या असतील तर तो १.४ च्या आसपास राहतो. माझा शिरस्ता असा, की तो दहाच्या पुढे गेला की वक्र काढायच्या आधी मी फेजचा आलेख बघतो. तुमचं दुर्दैव असं की रिकामी जागा नेमकी चढावर आली आहे. हा तारा झपाट्याने उजळतो आणि सावकाश मंदावतो, त्यामुळे जास्त हार्मोनिक लागतात ते याच तीव्र चढासाठी.

हार्मोनिक किती घ्यावेत, याला दुसरी मर्यादा तुमच्या डोळ्यांची आहे. सरावलेल्या निरीक्षकाचा अंदाजही ०.१ प्रतीने चुकतो. २६ नोंदी छान पसरलेल्या असल्या तरी प्रत्येक सहगुणकात ०.१ × √(२/२६), म्हणजे साधारण ०.०३ प्रतीची अनिश्चितता राहते. ज्या हार्मोनिकचे सहगुणक याहून लहान येतात, तो ताऱ्याचा आहे की डोळ्यांचा, हे या नोंदी सांगू शकत नाहीत. मी ३ पासून सुरुवात करेन.

३ की ४, हे ठरवायला काही नोंदी बाजूला ठेवून उरलेल्यांवर वक्र बसवा आणि बाजूला ठेवलेल्यांशी पडताळा. फक्त उरलेली चूक बघून ठरवू नका, हार्मोनिक वाढवला की ती कमीच होते. आणि एकेक नोंद न काढता पूर्ण रात्र काढा. एका रात्रीत तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींमध्ये फेज ०.००८ ने बदलते, म्हणजे त्या जवळजवळ एकाच जागी असतात. एक काढली तरी दुसरी तिचं उत्तर सांगून टाकते, आणि ६ हार्मोनिकसुद्धा चांगले वाटू लागतात.

तोवर ०.७० ते ०.९० मधला वक्र तुटक रेषेने काढा, आणि तिथून उजळण्याची वेळ वगैरे काही काढू नका. ती जागा भरणं अवघड नाही. एका दिवसात फेज ०.१८६ ने पुढे सरकते. म्हणजे एखाद्या रात्री तारा ०.६२ ला असेल, तर दुसऱ्या रात्री त्याच वेळी तो ०.८१ ला असेल. पुढच्या पंधरवड्यातल्या अशा रात्री आत्ताच काढून ठेवा. बाकीच्या चुकल्या तरी चालतील, या चुकवू नका.