मिनिटाचा दर, बदलांची मर्यादा आणि इसार

“मी रावेरची. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून महिन्याला सरासरी 28,000 रुपये सुटतात. ठिबकच्या एका दुकानदाराला केळी बागायतदारांसाठी 2-2 मिनिटांचे 6 अ‍ॅनिमेशन व्हिडिओ हवेत, मृगबागेच्या लागवडीआधी. मिनिटाला 5,000 देतो म्हणतात. पैसे सगळं काम झाल्यावर, बदल त्यांचं समाधान होईपर्यंत. एका मिनिटाला मला 31 तास लागतात, आवाजाचे 1,000 वेगळे जातात. लग्नांचं काम सोडून हे घेऊ का?”

या अटींवर घेऊ नका. 60,000 मधून आवाजाचे 12,000 गेले की उरतात 48,000. पहिल्या व्हिडिओची पात्रं आणि शेत पुढे वापरता येईल, म्हणून नंतरच्या 10 मिनिटांना 26 तास धरले तरी एकूण 322 तास होतात. महिन्याला 150 तास बसलात तर दोन महिन्यांहून जास्त. तेवढ्यात लग्नांचे 56,000 हातात आले असते. म्हणजे एकही बदल न करता तोटा, आणि तोवर घरात एक रुपया नाही.

तुमचा दर तुमच्या तासावरून काढा. घरखर्च, आरोग्य विमा, सॉफ्टवेअर, चार वर्षांनी नवा कॉम्प्युटर आणि थोडी बचत मिळून वर्षाला 3,60,000 लागतात असं धरू. वर्षात ज्याचे पैसे मिळतात असे तास फार तर 1,000 निघतात. बाकीचे फोन, शिकणं आणि वसुलीत जातात. तासाला 360 झाले. 322 तासांत बदलांचे मिनिटाला 4 तास मिळवले की 370, त्याचे 1,33,200, आवाजासह 1,45,200. मिनिटाला 12,000 हा तुमचा खरा दर. एवढा झेपणार नाही म्हणाले तर दर उतरवू नका, काम उतरवा. पात्रं नकोत; ठिबकचे फोटो, बाण आणि हलती अक्षरं एवढंच ठेवलं तर मिनिटाचं काम 11 तासांत होतं. 5,000 मध्ये जेमतेम तेवढंच बसतं.

माझ्या मते खरी गळती बदलांत आहे. संहितेतलं वाक्य बदलायला पाच मिनिटं लागतात. तेच वाक्य आवाज भरून अ‍ॅनिमेशन झाल्यावर बदललं तर आवाज पुन्हा घ्यावा लागतो, तो चार सेकंदांनी वाढला तर 25 फ्रेमच्या हिशेबाने 100 फ्रेम नव्या कराव्या लागतात आणि पुढचं सगळं सरकतं. म्हणून मर्यादा टप्प्याटप्प्याने लिहा. संहितेला दोन फेऱ्या. मग स्टोरीबोर्डची चित्रं तुमच्याच आवाजावर लावून कच्चा व्हिडिओ दाखवा, त्यालाही दोन. तो मंजूर झाल्यावर वाक्य आणि क्रम गोठले. शेवटी एकच फेरी, तीही शुद्धलेखन, रंग आणि आवाजाच्या पातळीपुरती. फेरी म्हणजे एकाच माणसाने लेखी पाठवलेली एकच यादी, हेही लिहा. नाहीतर मालक, त्यांचा मुलगा आणि कृषी सल्लागार व्हॉट्सअ‍ॅपवर तीन तऱ्हेचे बदल सांगतात आणि ती एकच फेरी समजली जाते. त्यापुढे तासाला 500. तुमची स्वतःची चूक मात्र यात मोजू नका.

पैसे प्रत्येक व्हिडिओमागे घ्या. 24,000 पैकी 40 टक्के, म्हणजे 9,600, काम सुरू करताना. कच्च्या व्हिडिओपर्यंत तुमचे साधारण 16 तास, म्हणजे 5,760 रुपये जातात. तिथे काम मोडलं तरी तुम्ही बुडत नाही. मंजुरीनंतर 7,200 आले की मगच आवाज भरून घ्या आणि अ‍ॅनिमेशनला हात लावा. उरलेले 7,200 पूर्ण फाइल देण्याआधी. तोवर मधोमध तुमचं नाव छापलेली प्रत दाखवा. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ पैसे मागायला आपल्याकडे जीव कचरतो, ते मला कळतं. पण ठिबकचा धंदा करणाऱ्याला इसार ही काही नवी गोष्ट नाही.

आता त्यांच्यापुढे हे ठेवा: मृगबागेआधी दोनच व्हिडिओ, 48,000 मध्ये. 130 तासांचं काम आहे, त्यामुळे आखाजीपर्यंतची ठरलेली लग्नं मोडावी लागणार नाहीत. उरलेले चार कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या पुढच्या हंगामाच्या लागवडीआधी, पहिल्या दोनचे पैसे चुकते झाल्यावर.

बोलणी करण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने नोंदणीकृत लहान व्यवसायाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात; करारात मुदतच नसेल तर 15 दिवसांत. “सगळं झाल्यावर बघू” या अटीला तुमचं उत्तर म्हणून हे कलम करारात लिहून ठेवा. मिनिटाला 12,000 आणि इसार या दोन्हींना ते नाही म्हणाले, तर लग्नांचंच काम चालू ठेवा.